मजकूर पाठवतो, फोटो पाठवतो

पहिली वेबसाइट बनवायला किती वेळ लागतो, असं यूट्यूबला विचारलं तर उत्तर मिळतं, एक तास. काही हुशार मंडळी वीस मिनिटांतही करून दाखवतात. ती खोटं बोलत नाहीत. फक्त त्यांच्या वेबसाइटवरचं दुकान खोटं असतं, फोटो फुकटच्या साठ्यातले असतात आणि मजकुराच्या जागी 'लोरेम इप्सम' नावाचं निरर्थक लॅटिन भरलेलं असतं. खरं घर, खरी माणसं आणि त्यांचे खरे दर आले की त्या एका तासाचं काय होतं, ते मी गेल्या वर्षी पाहिलं.

मी पुण्यात शाळेत गणित शिकवते. दादा आणि वहिनी गुहागर तालुक्यात आमच्या जुन्या जांभ्याच्या घरात राहतात आणि चार खोल्यांचं होमस्टे चालवतात. पाहुणे ओळखीतून येतात. 'वेबसाइट आहे का?' असं विचारणारे वाढले, तेव्हा दादा म्हणाला, "तुला मे महिन्याची सुट्टी आहे ना? करून टाक. गणपतीच्या आत झाली म्हणजे झालं." मला कंप्युटरवर मार्कांचे तक्ते करता येतात, त्यापलीकडे काही नाही. तरी मे ते गणपती म्हणजे भरपूर वेळ, असं आम्हां दोघांनाही वाटलं. वेबसाइट सुरू झाली दसऱ्यानंतर आणि पुरी म्हणावी अशी झाली ती दिवाळी उलटून गेल्यावर.

यातला यंत्राचा भाग किती, हे आधी सांगते, कारण मला भीती त्याचीच होती. तो जेमतेम दोन आठवड्यांत आटोपला, तोही संध्याकाळचे एक-दोन तास बसून.

सुरुवातीलाच कळलं की डोमेन वेगळं आणि होस्टिंग वेगळं. डोमेन म्हणजे नाव, जे वर्षाच्या भाड्यावर मिळतं. होस्टिंग म्हणजे त्या नावामागच्या फायली ठेवायची जागा, तिचंही भाडं निराळं. नाव विकत घ्यायला दहा मिनिटं लागली, पण ते ठरवायला आठवडा गेला. नावात 'वाडी' होतं. ते इंग्रजीत डब्ल्यूने लिहायचं की व्हीने, यावर घरात दोन तट पडले. शेवटी वहिनीने तोडगा काढला. नातेवाइकांना फोन करून नाव नुसतं तोंडी सांगायचं आणि त्यांना टाइप करून पाठवायला लावायचं. बहुतेकांनी जे लिहिलं ते घेतलं. पाहुणे तरी दुसरं काय करणार? कुणाच्या तरी तोंडून ऐकूनच टाइप करणार.

डोमेन दादाच्या नावावर घेतलं, कारण घर त्याचं आणि धंदाही त्याचा. बऱ्याच ठिकाणी डोमेन बनवणाऱ्याच्या नावावर राहतं आणि पुढे त्याच्याशी बिनसलं की मालक आपल्याच नावाला मुकतो, असं ऐकलं होतं. पण दादाच्या नावावर म्हणजे दादाच्याच ईमेलवर. 'डॉट कॉम' नाव घेतलं की नोंदणी करणारी कंपनी एक पडताळणीचा मेल पाठवते आणि पंधरा दिवसांत त्यातल्या दुव्यावर टिचकी मारली नाही तर नाव तात्पुरतं बंद पडू शकतं. दादाचं ईमेल खातं पुतण्याने कधीकाळी जुन्या फोनवर उघडून दिलेलं. पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. तो बदलायचा तर ओटीपी ज्या सिमवर येणार, त्याला रेंज फक्त गच्चीवर. मी पुण्याहून 'आता पाठवते' म्हणायचं आणि दादाने जिना चढायचा, असं चाललं होतं. वेबसाइटच्या कामात हेही धरायचं असतं, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

मग नाव आणि जागा एकमेकांना जोडायची. आम्ही दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलं होतं, म्हणून डोमेनच्या खात्यात जाऊन नेमसर्व्हर नावाच्या दोन ओळी बदलाव्या लागल्या. बदलल्यावर माझ्या लॅपटॉपवर 'हे डोमेन राखीव आहे' अशा अर्थाचं जुनंच पान, बहिणीच्या मोबाइलवर नवं कोरं पान आणि दादाकडे काहीच नाही. मी गोंधळून पुन्हा सगळं तपासायला बसले. वास्तविक बिघडलं काहीच नव्हतं. जुना पत्ता वेगवेगळ्या इंटरनेट कंपन्यांनी आपापल्याकडे काही काळ साठवून ठेवलेला असतो आणि ज्याची त्याची मुदत संपेल तसतसा नवा पत्ता दिसायला लागतो. बहुधा काही तासांत होतं, तरी दोन दिवस सोडून द्यायचे. या काळात सेटिंग पुन्हा पुन्हा बदलली तर मात्र कुठला बदल पोचला आणि कुठला नाही, हे आपल्यालाच कळेनासं होतं. पत्त्याच्या कुलपाचंही तेच. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र होस्टिंगवाल्यांकडेच होतं, पण डोमेन जागेवर पोचल्याशिवाय ते मिळत नाही. तोवर ब्राउझर 'Not secure' म्हणत राहतो.

वर्डप्रेस एका बटणावर बसलं. त्यात 'Hello world!' नावाचा एक लेख आणि 'Sample Page' नावाचं पान आयतंच येतं, ते आधी काढून टाकायचं. थीम निवडणं हा नुसता वेळखाऊ छंद आहे. मी एक साधी फुकटची घेतली आणि मराठीसाठी मुक्त फाँट लावला. नेहमीच्या फाँटच्या ओळी इतक्या जवळ येत होत्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकत होता. ओळींमधलं अंतर वाढवल्यावर वाचता आलं.

एक गंमत राहिली. 'खोल्या' नावाचं पान केलं आणि त्याचा दुवा दादाला पाठवला, तर व्हॉट्सॲपवर असं काहीतरी गेलं:

```
/%e0%a4%96%e0%a5%8b%e0%a4%b2...
```

दादाचा फोन आला, "हे व्हायरस नाही ना?" देवनागरी अक्षरं पत्त्यात बसवताना त्यांचं असं रूपांतर होतं. पानाचं नाव मराठीतच ठेवून त्याच्या दुव्यापुरतं `kholya` असं रोमन लिहिलं की पत्ता सुटसुटीत राहतो. हे काम पान तयार करतानाच करावं. नंतर केलं तर आधी लोकांना पाठवलेले दुवे तुटायची धास्ती असते.

तर मेच्या अखेरीस माझ्याकडे सहा पानं होती: मुख्यपान, खोल्या, जेवण, कसं यावं, दर आणि नियम, संपर्क. मेनू नीट चालत होता. सहाही पानं रिकामी होती. इथून पुढे महिने गेले.

दादाला सांगितलं, "प्रत्येक पानासाठी आठ-दहा ओळी लिहून पाठव." तो म्हणाला, "रविवारी बसतो." बऱ्याच रविवारांनंतर जे आलं ते म्हणजे पणजोबांनी हे घर कसं बांधलं, यावर वहीची दोन पानं. सुंदर लिहिलं होतं. पण मुलांना घेऊन येणाऱ्या पाहुण्याला जे हवं असतं, म्हणजे संडास-न्हाणीघर खोलीला लागून आहे का, त्यातलं काहीच नव्हतं. मग दादाने घरातलं जुनं माहितीपत्रक पाठवलं. त्याची फाइल उघडली तर ओळीच्या ओळी अगम्य चिन्हांच्या. ती दहा-बारा वर्षांपूर्वी छापखान्यात युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बनली होती. तो फाँट असला तर मराठी दिसतं, नसला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा. अशा मजकुरासाठी रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण रफार भलत्या अक्षरावर जातात आणि जोडाक्षरं फुटतात. दोन पानांचा मजकूर तपासण्यापेक्षा नव्याने टाइप करणं लवकर झालं.

दादा आळस करतोय असं मला बरेच दिवस वाटत होतं. मग 'दर आणि नियम' या पानासाठी मी त्याला फोनवरच बसवलं आणि खरी अडचण लक्षात आली. मी विचारलं, "आगाऊ रक्कम किती घेतोस?" तो म्हणाला, "माणूस बघून." "रद्द केलं तर परत देतोस?" दादा म्हणाला, "देतो." मागून वहिनीचा आवाज आला, "मे महिन्यात कशाला द्यायची? खोली रिकामी राहते ती आपली." लहान मुलांचे पैसे किती वर्षांपासून घ्यायचे, माशांचं ताट दरात धरलंय की वेगळं, खोली सकाळी किती वाजता सोडायची, यांतलं काहीही ठरलेलं नव्हतं. इतकी वर्षं प्रत्येक पाहुण्याशी बोलून निभावत होतं. मजकूर अडला होता, कारण निर्णय अडले होते, आणि ते निर्णय नवरा-बायकोंनी एकत्र बसून घ्यायचे होते. मृग लागून भाताच्या पेरण्या झाल्या, मग लावणी आली. लावणीच्या दिवसांत आगाऊ रकमेवर चर्चा करायला कोकणात कुणालाही सवड नसते.

दर छापायचे की नाही यावर तर शेवटपर्यंत वाद होता. दादाचं म्हणणं, शेजारपाजारचे बघतील. माझं म्हणणं, दर नसला तर अर्धे लोक फोनच करणार नाहीत. अखेर 'अमुकपासून पुढे' असा आकडा टाकला आणि मे महिना व दिवाळीचे दर वेगळे, अशी ओळ घातली. माझ्या मते तो तोडगा अर्धवटच आहे, पण पान तरी निघालं.

बाकी पानांची कोंडी फुटली ती दादाच्या व्हॉट्सॲपमुळे. श्रावणात मी गावी गेले तेव्हा त्याने पाहुण्यांना पाठवलेले जुने निरोप वाचले. सगळा मजकूर तिथे तयार होता! 'चिपळूण स्टेशनला उतरा, तिथून गुहागरची एसटी मिळेल. दापोलीकडून येत असाल तर दाभोळला गाडी फेरीबोटीत घाला आणि धोपाव्याला उतरा. मॅप वरच्या वाडीत नेऊन सोडतो, तिथून पुढे येऊ नका, शाळेपाशी थांबून फोन करा.' हे मी सात जन्मांत लिहू शकले नसते. पाहुणे पुन्हा पुन्हा काय विचारतात, तेही तिथेच दिसत होतं: न्हाणीघर, गरम पाणी, मोबाइलची रेंज, समुद्र किती लांब, शाकाहारी जेवण मिळेल का. त्या प्रश्नांच्या क्रमानेच पानं लावली. 'लिहून पाठव' म्हणून जे तीन महिन्यांत आलं नाही, ते एका दुपारी निघालं. पणजोबांच्या दोन पानांतला एक परिच्छेद मुख्यपानावर घेतला. दादा थोडा खट्टू झाला, पण वहिनी म्हणाली, "पुरे तेवढं."

फोटोंची गोष्ट निराळी. त्यात माणसांपेक्षा ऋतू आडवा आला.

मे महिन्यात खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या, पडवीत आंब्यांच्या पेट्या आणि गवताचा पसारा. फोटो काढायला मोकळी खोली मिळेना. जूनच्या तोंडावर पडवीला झापं बांधली आणि त्यावर निळं प्लास्टिक आलं. आमच्या घराचा चेहरा म्हणजे ती पडवी आणि तोच चार महिने झाकलेला. अंगणात शेवाळ. आत दिवसा दिवे लावावे लागतात, त्यामुळे खोल्यांचे फोटो पिवळे येतात. गणपतीत चाकरमानी आले, प्रत्येक खोलीत गाद्या. दसऱ्याच्या सुमारास झापं सोडली, तर भिंतींवर पावसाचे ओघळ, रंग द्यायचा राहिलेला. भात कापून-झोडून झालं, अंगण चोपून सारवलं, मांडव घातला, तेव्हा कुठे घर फोटोजोगं झालं. म्हणजे कोकणातल्या घराचा दर्शनी फोटो पावसाळा संपून घर सावरल्यावरच मिळतो. तो आधीच्या उन्हाळ्यात काढलेला नसेल तर पुढचे महिने वाट पाहण्यावाचून इलाज नाही. उलट लावणीनंतरची हिरवी खाचरं श्रावणातच मिळतात. एकाच फेरीत सगळे फोटो काढून आणू, हा माझा हिशोब जुळणारच नव्हता.

असलेले फोटो गोळा करणं हेही एक कामच. दादाने व्हॉट्सॲपवर पन्नासेक फोटो ढकलले. मोबाइलवर छान दिसणारे, लॅपटॉपभर पसरले की धुरकट. व्हॉट्सॲप नेहमीच्या रीतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करतं. मूळ फोटो हवा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगायचं. पुतण्याने चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवला, तर परवानगी मागणारं पान उघडलं. त्याची परीक्षा चालू होती, त्याने ती मागणी पाहिली आठवड्याने. काही उत्तम फोटो पाहुण्यांनी काढलेले होते, पण त्यांत त्यांची मुलं होती. ज्यांना विचारता आलं त्यांना विचारलं, बाकीचे सोडून दिले.

त्यातून हाती आलेले बहुतेक फोटो उभे. मुख्यपानावर वरच्या बाजूला जो रुंद फोटो लागतो तो आडवाच हवा, आणि त्यातलं महत्त्वाचं मधोमध हवं, कारण मोबाइलवर तोच फोटो दोन्ही बाजूंनी कापला जातो. आमच्या एका फोटोत लॅपटॉपवर घर आणि माड दिसायचे, मोबाइलवर फक्त माडाचं खोड. शेवटी मी काय हवं त्याची कागदावर यादी केली: अंगणातून अख्खं घर, आडवं, प्रत्येक खोली दाराच्या कोपऱ्यातून, पलंगावर धुतलेली चादर, खिडकी उघडी, प्रत्येक न्हाणीघर, जेवणाचं ताट वरून, रस्त्यावरून वळायची जागा. न्हाणीघराचे फोटो म्हटल्यावर दादा हसला. पण पाहुण्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

मूळ फोटो चार-पाच एमबीचे. आठ फोटो तसेच चढवले तर पान उघडताना गावच्या नेटवर्कवर चहा पिऊन व्हायचा. रुंदी सोळाशे पिक्सेलवर आणली आणि जेपेगची गुणवत्ता पंचाहत्तर-ऐंशीवर ठेवली की फोटो दोन-तीनशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. हे ब्राउझरमधल्या स्क्वूशसारख्या फुकट साधनाने होतं. सगळे फोटो निवडून, लहान करून, त्यांना `IMG_2034` ऐवजी ओळखू येतील अशी नावं द्यायला दोन संध्याकाळी लागल्या.

मजकूर आणि फोटो जागेवर बसवायला आठवडा पुरला. संपर्काचा फॉर्म मात्र काढून टाकला. दादाला चाचणी म्हणून पाठवलेला निरोप स्पॅममध्ये जाऊन पडला होता, आणि दादा तिथे कधीच बघत नाही. त्याऐवजी बटणावर असा दुवा दिला:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

क्रमांकात अधिकचं चिन्ह नको, मोकळी जागा नको. बटण दाबलं की थेट दादाचं व्हॉट्सॲप उघडतं. मग पानं वेगवेगळ्या मोबाइलवर उघडून पाहिली आणि शेवटी सेटिंगमधली 'Discourage search engines from indexing this site' ही खूण काढली. काम चालू असताना ती लावून ठेवलेली बरी, पण काढायची राहिली तर वेबसाइट गूगलवर येणार नाही आणि का येत नाही, तेही कळणार नाही. खूण काढल्यावरही घराच्या नावाने शोधलं तर सापडायला काही दिवस लागले. 'गुहागर होमस्टे' असं शोधलं तर आम्ही अजूनही कुठल्या कुठे आहोत. नकाशावरची चुकीच्या वाडीतली खूण दुरुस्त करून घेतल्याचा फायदा मला त्याहून जास्त वाटतो.

आम्ही दसऱ्यानंतर, पडवीचा फोटो नसतानाच वेबसाइट उघडली. मुख्यपानावर श्रावणातली खाचरं लावली, दोनच खोल्यांचे फोटो होते, ते टाकले. दिवाळीचे पाहुणे येणार होते आणि त्यांना रस्ता, दर आणि फोन क्रमांक मिळणं जास्त गरजेचं होतं. घराचा दर्शनी फोटो नंतर बदलला, त्याला पाच मिनिटं लागली.

तुम्हाला घरच्या घरी अशी पाच-सहा पानांची वेबसाइट करायची असेल, तर यंत्राच्या कामाला दोन आठवडे धरा, मजकुराला महिना-दीड महिना, तोही मालक आठवड्यातून एक तास फोनवर बसणार असेल तर, आणि फोटोंसाठी कॅलेंडर न बघता घराचा हंगाम बघा. नाव लवकर घेऊन ठेवा, ते दुसरं कुणी घेईल. पण होस्टिंगचे पैसे दर आणि नियम ठरेपर्यंत भरू नका. पहिल्या मुदतीला मिळणारा सवलतीचा दर नूतनीकरणाला सहसा राहत नाही, आणि आमच्या त्या स्वस्त वर्षातले जवळजवळ सहा महिने रिकाम्या पानांनी खाल्ले.